सर्व्हेअर शुक्रवारी येतोय. वेळ आणि दुकानाची माहिती नेमकी कशी कळवू?

वाशिष्ठीकाठची | मंगळवार, रात्री ९.१०

बाबांचं चिपळूणला वह्या-पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. रविवारी रात्री पाणी शिरलं, सोमवारी दुपारी ओसरलं. दुकानात साधारण साडेतीन फूट होतं. मागे बोळातून जायचा एक गोदामाचा गाळा आहे, तो दोन पायऱ्या खाली असल्यामुळे तिथे पाच फुटांच्या वर गेलं. शाळा सुरू झाल्याचा हंगाम, त्यामुळे वह्यांचा माल भरपूर. भिजलेल्या वह्या इतक्या फुगल्यात की रॅकमधून बाहेरच येत नाहीत. डझनाचा गठ्ठा ओढायला गेलं की वरचं कव्हर तेवढं हातात येतं.

मी ठाण्यात असते. बाबा ७१ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत. विमा कंपनीला सोमवारीच फोन करून क्लेम नंबर घेतला. आज सर्व्हेअरचा फोन आला, "शुक्रवारी येतो, टाइम आणि ॲड्रेस व्हॉट्सॲप करा." एवढं बोलून ठेवला.

अडचणी अशा. दुकानात लाइट नाही, मीटरच पाण्यात होता. गोदामाची किल्ली शेजारच्या किराणावाल्या काकांकडे असते. आणि नगरपरिषदेचा डंपर उद्या आमच्या गल्लीत येणार, सगळ्यांनी गाळ आणि भिजलेला माल बाहेर काढून ठेवा असं सांगून गेलेत. वास असह्य आहे. सर्व्हेअर येईपर्यंत माल ठेवायचा की द्यायचा? आणि त्यांना वेळ कुठली सांगू?

---

सांगलीकर_पेठेतला | रात्री ९.३२

ताई, शुक्रवार कशाला? ७२ तासांच्या आत सर्व्हेअर आला पाहिजे असा नियमच आहे. सोमवारी कळवलंत म्हणजे गुरुवारी मुदत संपली. कंपनीला मेल टाका, तक्रार ठोका. २०१९ ला आमच्याकडे पाणी उतरायलाच आठवडा गेला होता. आम्ही माल बाहेर फेकला, फोटो दाखवले, कुणी काही विचारलं नाही. वासात आजारी पडण्यापेक्षा डंपरला देऊन टाका.

---

मेघना_के | रात्री ९.५०

आमच्या गावी तलाठी आणि ग्रामसेवक स्वतःच घरोघर फिरून पंचनामा करतात, वेळ वगैरे मागावी लागत नाही. आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा. नाव यादीत आलं की नाही ते मात्र नक्की बघा, आमचं पहिल्या यादीत राहून गेलं होतं.

---

वाशिष्ठीकाठची | रात्री ९.५८

मेघना, तो सरकारी मदतीचा पंचनामा. तोही होणार आहे, पण मी विमा कंपनीच्या सर्व्हेअरबद्दल विचारतेय. दुकानाची पॉलिसी आहे आमची.

---

मेघना_के | रात्री १०.०४

अच्छा, सॉरी. पण त्या पंचनाम्याची प्रत घेऊन ठेव, विमावालेही मागतात असं माझा दीर म्हणतोय.

---

जुना_सर्व्हेअर | रात्री १०.४१

मी बरीच वर्षं आगीची आणि पुराची कामं केली, आता निवृत्त आहे. जरा लांब लिहितो.

आधी सांगलीकरांचं. ७२ तास हा जुना हिशोब, आणि तोसुद्धा सर्व्हेअर नेमण्याचा होता, दारात येऊन उभा राहण्याचा नव्हे. आता कंपनीने २४ तासांत नेमायचा असतो. तुम्हाला त्याचा फोन आला म्हणजे नेमणूक झालेली आहे. पूर आला की एकेका माणसाच्या अंगावर तीस-चाळीस दुकानं पडतात, शुक्रवार हा काही वाईट दिवस नाही. आत्ता तक्रार करून पहिल्याच दिवशी वाकडं घेऊ नका. शुक्रवारी आलाच नाही तर मात्र लगेच लेखी कळवा.

माल डंपरला देऊ नका. सांगलीत चालून गेलं असेल, सगळीकडे चालत नाही. सर्व्हेअर जे डोळ्यांनी बघेल आणि मोजेल त्यावर त्याचा अहवाल उभा राहतो. रिकामं दुकान आणि मोबाइलमधले फोटो बघून तो फार तर अंदाज लिहील, आणि अंदाज लिहिताना हात आखडताच राहतो. गाळ वेगळा आणि माल वेगळा. गाळ खुशाल द्या, फक्त काढण्याआधी दुकानाचे चारही कोपरे फोटोत घ्या. नगरपरिषदेची माणसं ऐकेनात तर सर्व्हेअरला लगेच व्हिडिओ कॉल लावा, माल दाखवा आणि त्याचं उत्तर मेसेजवर घ्या. "काढा" असं त्याने लिहून दिलं की तुम्ही मोकळे. तरीसुद्धा प्रत्येक जातीच्या मालाचा एकेक गठ्ठा नमुना म्हणून मागे ठेवा.

वरच्या फळ्यांवरचा कोरडा माल मात्र आजच हलवा. तो ओलीत राहून बुरशी धरली तर "वाचवता येत होता, वाचवला नाही" हे बरोबर तुमच्या विरोधात जातं. हलवताना मोजा आणि कुठे ठेवला ते लिहा, कारण शुक्रवारी तोही दाखवावा लागेल. दुकानात एकूण किती होतं हे कळल्याशिवाय किती गेलं हे ठरत नाही.

आता वेळ. सकाळी दहाची मागा. लाइट नाही, पावसाळी दिवस, चार वाजता आत अंधार. भिंतीवरची पाण्याची रेघ बॅटरीत नीट दिसत नाही, उजेडात दिसते. आणि स्टेशनरी मोजायला वेळ जातो. तो म्हणेल अर्धा तास, तुम्ही तीन तास धरा. दुपारी चारला आला तर फोटो काढून निघून जाईल, मोजणी पुन्हा कधीतरी, आणि तोवर तुम्ही त्या वासात माल सांभाळत बसायचं.

एक विचारायचं राहिलं. गोदामाचा गाळा पॉलिसीत आहे का?

---

वाशिष्ठीकाठची | रात्री ११.१५

काका, मनापासून आभार. पॉलिसीचा कागद बाबांनी फोटो काढून पाठवला. पत्त्यात फक्त दुकानाचा नगरपरिषदेचा घर नंबर आणि पेठेचं नाव आहे. गोदामाला वेगळा घर नंबर आहे, तो कुठेच नाही. बाबा म्हणतात, एजंटने गोदाम बघितलं होतं, "सगळं एकच" म्हणाला होता. आता पोटात गोळा आलाय.

गोदामाबद्दल शुक्रवारी बोलायचंच नाही का मग?

---

सांगलीकर_पेठेतला | रात्री ११.२२

गोदामातला माल आज रात्रीच दुकानात आणून टाका. कोण बघतंय?

---

जुना_सर्व्हेअर | बुधवार, सकाळी ६.५०

सांगलीकर, रागावू नका, पण हा सल्ला अख्खा क्लेम बुडवणारा आहे. दुकानात साडेतीन फुटांची रेघ आहे. तिथे पाच फुटांवरच्या फळीतला भिजलेला माल आणून ठेवला तर नवशिक्यालाही कळतं. गाळाचा थर बघा, गोदामाचा वेगळा असतो, बोळातल्या गटाराचा काळा. खोटं एका ठिकाणी सापडलं की खऱ्या नुकसानीवरही पाणी.

ताई, दोन्ही दाखवा, पण मोजणी वेगवेगळी करून घ्या. दुकानाची यादी वेगळ्या कागदावर, गोदामाची वेगळ्या. गोदामाचं काय करायचं ते कंपनी ठरवेल, सर्व्हेअर नव्हे. यादी वेगळी असली की गोदामाच्या वादात दुकानाचे पैसे अडकत नाहीत. एजंटबरोबर तेव्हा काही मेसेज, प्रपोजल फॉर्म, काहीही असेल ते शोधा. नुसतं "तो म्हणाला होता" याला वजन नाही.

---

खातेवही | सकाळी ८.०५

बँकेचं कॅश क्रेडिट आहे का तुमच्या बाबांचं? असेल तर दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं. त्यात गोदामाचा पत्ता आणि तिथला माल वेगळा दाखवला असेल तर उपयोग होऊ शकतो. उलटही होतं. स्टेटमेंटमध्ये आठ लाखांचा स्टॉक आणि क्लेममध्ये चौदा लाखांचा, असं निघालं की पुढचे प्रश्न अवघड. आधी ते काढून बघा.

---

वाशिष्ठीकाठची | दुपारी १.२०

हा मेसेज लिहिलाय सर्व्हेअरसाठी. बघता का कुणी?

"नमस्कार सर, आमच्या दुकानाच्या पाहणीसाठी शुक्रवारी आपण येणार आहात. आम्ही दिवसभर उपलब्ध आहोत. लोकेशन पाठवत आहे. कृपया वेळ कळवावी."

---

जुना_सर्व्हेअर | दुपारी २.०२

फार सभ्य आहे आणि त्यात काहीच नाही. "दिवसभर उपलब्ध" लिहिलंत की तो तुम्हाला सगळ्यात शेवटी ठेवणार, कारण बाकीचे ठराविक वेळ सांगून बसलेत. लोकेशनची टाचणी पेठेत भलत्याच गल्लीत पडते. गुडघाभर चिखलात गाडी वळवणारा माणूस तुमच्या दारात येतो तेव्हाच वैतागलेला असतो.

त्याच्या जागी उभं राहून लिहा. क्लेम नंबर सगळ्यात वर, कारण त्याच्या फोनमध्ये चाळीस दुकानदार आहेत. मग वेळ. मग गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून किती पावलं. किल्ली कुणाकडे. आत काय अडचण: लाइट नाही, गोदामाला दोन पायऱ्या, गमबूट लागतील. हजर कोण राहणार, आणि त्याला सही करायचा अधिकार आहे का. शेवटी डंपरचा प्रश्न, हो की नाही एवढं उत्तर देता येईल असा.

त्याचं नाव आणि लायसन्स नंबरही विचारून घ्या. बऱ्याचदा तो स्वतः येत नाही, पोऱ्याला पाठवतो. पोऱ्या आला म्हणून बिघडत नाही, पण कोण आलं होतं हे तुमच्याकडे लिहिलेलं हवं. आणि पाहणीची फी कंपनी देते. कुणी पेट्रोलचे म्हणून मागितले तर देऊ नका.

आणखी एक. दोन्ही शटर गुरुवारी उघडून बघा. पट्टीत गेलेला गाळ सुकला की सिमेंटसारखा धरतो. सर्व्हेअर समोर उभा आणि शटर अर्ध्यात अडकलेलं, हे मी किती वेळा बघितलंय याची गणती नाही.

---

दुबईत_पुणेकर | दुपारी ३.३०

माझं घराचं होतं, दुकानाचं नाही, तरी सांगतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्याची पाइपलाइन फुटून आमचं फॉल्स सीलिंग कोसळलं. मी इथे, किल्ली शेजारच्या काकूंकडे. सर्व्हेअर सोसायटीच्या गेटवर आला, वॉचमनने ॲपवर माझी परवानगी मागितली, मी मीटिंगमध्ये. वीस मिनिटं थांबून तो गेला आणि "जागा उपलब्ध करून दिली नाही" अशी नोंद झाली. पुढची वेळ अकरा दिवसांनी. नंतर मी आदल्या रात्रीच गेटवर त्याचं नाव आणि गाडी नंबर टाकून ठेवला, आणि काकूंच्या नावाने अधिकारपत्र मेल केलं. तुमचे बाबा तिथेच आहेत म्हणून अधिकारपत्राचं एवढं नसेल.

---

वाशिष्ठीकाठची | संध्याकाळी ५.४५

हा पाठवला:

"क्लेम नंबर (इथे टाकत नाही). पाहणी शुक्रवारी सकाळी १०. लाइट नाही, त्यामुळे उजेडातच मोजणी शक्य आहे. साधारण तीन तास लागतील असं धरून यावं. गाडी पेठेच्या तोंडाशी पिंपळापर्यंत येते, तिथून चालत दोन मिनिटं. पिंपळापाशी आमचा मुलगा (दुकानातला, निळा रेनकोट) ९.४५ पासून थांबेल. गोदामाला बाजूच्या बोळातून वेगळं दार आहे, दोन पायऱ्या खाली, अजून घोटाभर चिखल आहे, गमबूट आम्ही ठेवू, नंबर सांगावा. दोन्ही किल्ल्या दुकानात असतील. वडील (पॉलिसीधारक) स्वतः हजर राहतील, मोजणीला मी असेन. नगरपरिषदेचा डंपर आज येत आहे. फक्त गाळ देत आहोत, माल ठेवत आहोत. हरकत असल्यास कळवावे. पाहणीला आपण स्वतः येणार की अन्य कोणी, नाव आणि लायसन्स नंबर कळवावा."

पाच मिनिटांत उत्तर आलं! "ओके. मी स्वतः. ९ नंबर." आणि लायसन्सचा फोटो. मी उद्या रात्रीच्या गाडीने निघतेय.

---

सांगलीकर_पेठेतला | संध्याकाळी ६.१०

गमबुटाचा नंबर विचारलात ते भारी.

---

वाशिष्ठीकाठची | गुरुवार, दुपारी १२.३०

काका, तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू! गोदामाचं शटर हाललंच नाही. सोमवारी मुलगा आत जाऊन आला होता, त्यानंतर बंद केलेलं. फॅब्रिकेशनवाला म्हणतोय पट्टी कापावी लागेल. कापू का? "तोडफोड तुम्हीच केली" म्हणतील का?

---

जुना_सर्व्हेअर | दुपारी १२.४८

कापण्याआधी कुलूप आणि पट्टी जवळून टिपा, गाळ दिसला पाहिजे. मग सर्व्हेअरला कळवा, "पाहणीसाठी उघडण्याकरता कापतोय." त्याची फक्त पोच हवी. कापणावळीचं बिल घ्या, छापील. आणि कापलेला तुकडा भंगारात देऊ नका.

आधी पाणी मारून आणि लाकडी ठोकळ्याने ठोकून बघितलं का मात्र?

---

वाशिष्ठीकाठची | दुपारी २.१५

बघितलं. बाजूच्या गाड्या धुण्याच्या पंपाने पाणी मारलं, अर्ध्या तासाने एक बाजू सुटली. कापावं लागलं नाही. दोन फूट वर जातं, वाकून आत जावं लागेल. सर्व्हेअरना तेही कळवलं. बाबांना मात्र तिथून जाता येणार नाही.

---

वाशिष्ठीकाठची | शनिवार, सकाळी १०.२०

काल झालं. दहाची वेळ होती, सर्व्हेअर ११.४० ला आले. कराडहून येताना कुंभार्ली घाटात अडकले होते. तसा फोन त्यांनी सव्वादहालाच केला होता, म्हणून चिडले नाही.

पहिल्यांदा त्यांनी मालाकडे बघितलंच नाही. खिशातून टेप काढून भिंतीवरची रेघ तीन ठिकाणी मोजली, प्रत्येक ठिकाणी टेपसकट फोटो. दुकानात ३ फूट ७ इंच. मग रॅकची सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किती उंच, दुसरी किती, हे लिहून घेतलं. म्हणजे कुठल्या फळ्या बुडाल्या हे आधी ठरलं आणि मोजणी तेवढ्याच फळ्यांची. वरच्या दोन फळ्यांवरचा माल आम्ही बुधवारी शेजारच्या माळ्यावर नेला होता, तोही जाऊन बघून आले. यादी तयार होती म्हणून दहा मिनिटांत आटपलं.

फुगलेल्या वह्या सुट्या करता येईनात, तेव्हा म्हणाले गठ्ठ्यांच्या पाठी मोजा. एका फळीत गठ्ठे किती, गठ्ठ्यात वह्या किती, पानं किती. शंभर पानी आणि दोनशे पानी वेगळ्या. पेनं आणि भूमितीच्या पेट्या मात्र "या धुऊन विकता येतील" म्हणून वेगळ्या काढल्या. बाबा त्यावर वाद घालत होते, पेट्यांचे पुठ्ठे गेले, कंपास गंजणार, कोण घेणार म्हणून. त्यांनी "बघू" म्हणून बाजूला लिहून ठेवलंय. ते काही मिटलेलं नाही.

गोदामात वाकून एकटेच गेले, मी मागून. वेगळी यादी करा असं मी म्हटल्यावर माझ्याकडे जरा रोखून बघितलं आणि म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, एका काकांनी. हसले. वेगळी केली.

शेवटी दोन्ही याद्यांवर बाबांची सही मागितली.

---

जुना_सर्व्हेअर | सकाळी १०.५५

सहीच्या वर काय लिहिलं होतं?

---

वाशिष्ठीकाठची | सकाळी ११.०३

काहीच नव्हतं, नुसती यादी. मी "फक्त नगांची मोजणी मान्य" असं लिहून मग बाबांना सही करायला दिली. ते काही बोलले नाहीत. प्रत्येक पानाचा फोटो तिथेच काढून घेतला. रकमेबद्दल एक शब्द नाही, विचारलं तर "कागद आले की" म्हणाले.

---

जुना_सर्व्हेअर | सकाळी ११.१०

चोख केलंत. आता कागदांची मागणी येईल: खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न, मागच्या वर्षाचा ताळेबंद, मेघनाताईंच्या दिरांनी सांगितलेला पंचनामा. भिजलेली बिलं असतील तर फेकू नका, पुरवठादारांकडून दुसरी प्रत मिळते. माल कधी हलवायचा ते लेखी विचारून घ्या. रद्दीवाल्याला दिलात तर वजनाची पावती ठेवा, ती रक्कम क्लेममधून वजा होईल.

---

खातेवही | सकाळी ११.४०

आणि ते स्टॉक स्टेटमेंट? सापडलं का? त्यात गोदाम आहे?

---

वाशिष्ठीकाठची | दुपारी १२.१५

कॅश क्रेडिट आहे. जूनचं स्टेटमेंट बँकेतून मिळालं. "दुकान व गोदाम" असं एका ओळीत लिहिलंय, पत्ता एकच, रक्कम एकच. याचा अर्थ आमच्या बाजूने लावायचा की विरोधात, ते सोमवारी एजंटला समोर बसवून विचारणार आहे. फोन उचलत नाहीये तो दोन दिवस.